इंदापूरचे मालोजीराजे, शिखरावरचे मालोजीराजे

बारामतीहून इंदापूरला गेलं, की लोक मालोजीराजांची गढी दाखवतात. शिवरायांचे हे आजोबा इथल्याच लढाईत पडले. त्यांच्या दोन कथा शेजारी ठेवून वाचण्यात मला फार आनंद वाटतो.

पहिली कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’तली. निजामशाहीच्या बाजूने लढताना मालोजीराजे इंदापुरास पडतात, तेव्हा शहाजी पाच वर्षांचे असतात आणि पोरक्या मुलांचा सांभाळ विठोजीकाका करतात. कवीचा हात इथे किती आवरलेला आहे! देवी येत नाही, भविष्यवाणी होत नाही. एका घरातला कर्ता माणूस जातो आणि भाऊ पुढे होतो, एवढंच.

दुसरी सभासदांच्या बखरीतली, राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेली. मालोजीराजे शिखर शिंगणापूरला तळं बांधतात. शंभुमहादेव स्वप्नात येऊन सांगतात, ‘तुझ्या वंशात अवतार घेईन.’ पुढे चिटणीसांच्या बखरीत, म्हणजे आणखी शंभरेक वर्षांनी, देवीने दाखवलेलं गुप्त धन येतं. काळ लांबतो तशी कथा भरत जाते.

इतिहासकार काय करतो? स्वप्न बाजूला ठेवतो, तळं ठेवतो. तळं आजही शिखरावर आहे आणि पाण्याची वानवा असलेल्या त्या डोंगरावर यात्रेकरूंना त्याची गरज होती. स्वप्नातलं भाकीत मात्र शिवरायांचा राज्याभिषेक झाल्यावर लिहिलेलं आहे. घडून गेलेली गोष्ट आधीच सांगितलेली म्हणून समोर आली, की ती मागाहून रचलेली हे ओळखावं. तरीही ते स्वप्न वाया जात नाही: शिवरायांनंतरच्या पिढीला त्यांचं राज्य कसं दिसत होतं, याचा तो पुरावा ठरतो.

पण जवळचा ग्रंथ म्हणून ‘शिवभारता’वरही डोळे मिटून भिस्त ठेवता येत नाही. तेही दरबारी काव्य. त्यात शिवराय विष्णूचा अवतारच आहेत. इंदापूरच्या लढाईचं साल त्यात मिळत नाही, फक्त मुलाचं वय मिळतं. शहाजीराजांचा जन्म १५९४ चा धरला, तर लढाई १५९९ च्या सुमारास येते. जन्म पाचसहा वर्षं पुढे नेला, तर ती १६०५ च्या आसपास सरकते. काही ग्रंथ मालोजीराजांचा मृत्यू १६२० च्या सुमारास नेतात, पण तेव्हा शहाजीराजे विशीतले होतात आणि पाच वर्षांचं पोर उरतच नाही. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. जन्मसालच पक्कं नसेल, तर नुसत्या वयावरून मृत्यूचं साल ठरत नाही. त्याला त्या काळचा कागदच हवा.

इतकं चाळून हाती उरतं ते थोडं, पण ठाम: एक मराठा सरदार, एक तळं, इंदापूरची लढाई आणि काकांनी वाढवलेली पोरं. मला हे स्वप्नाहून मोठं वाटतं. देवाने आधी काहीच सांगितलं नव्हतं असं धरून वाचलं, की विठोजींनी त्या पोरांवर धरलेली सावली पहिल्यांदा नीट दिसते.