टापटीपकर आणि गबाळकर

आमच्या हौशी नाटकमंडळींपैकी एकाने मध्यंतरी एक सूचना आणली. नील सायमन या अमेरिकन यहुदी नाटककाराचे ‘द ऑड कपल’ मराठीत करावे, आणि त्यातल्या दोन मित्रांना आपल्याच पद्धतीची आडनावे द्यावीत. जो सतत पुसत-झाडत असतो तो ‘टापटीपकर’ आणि जो सगळीकडे पसारा घालतो तो ‘गबाळकर’. पेणकर, नागावकर यांच्या पंक्तीला बसणारी ही आडनावे ऐकून सगळे खळखळून हसले. आम्हीही हसलो. पण घरी आल्यावर प्रश्न पडला की हे हसू पहिल्या पाच मिनिटांनंतर टिकेल का?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही, कारण हा प्रयोग अमेरिकेत होऊन गेला आहे. याच नाटकावरून 1975 साली तेथील टेलिव्हिजनवर मुलांसाठी ‘द ऑडबॉल कपल’ नावाची कार्टून मालिका आली. तिच्यात माणसांऐवजी एक मांजर आणि एक कुत्रा आहे. मांजराचे नाव स्पिफी, म्हणजे कडक इस्त्रीतला, टापटिपीचा. कुत्र्याचे नाव फ्लीबॅग, म्हणजे शब्दशः पिसवांची पिशवी. दोघे एकत्र राहतात, एकत्र काम करतात आणि रोज भांडतात. नाव कानावर पडताच कोण कसा आहे हे मुलाला कळते; आणखी काही सांगावे लागत नाही.

या युक्तीला आम्ही कमी लेखत नाही. छोट्याशा गोष्टीत ओळख करून देण्यात वेळ घालवणे परवडत नाही. शिवाय चित्रकारांनी नावांना साजेशी एक नामी कल्पना लढवली. दोघांचे घर मधोमध दुभागलेले आहे. अर्धे लखलखीत, अर्धे मोडकळीला आलेले. मोटारही तशीच, एक बाजू नवी कोरी आणि दुसरी भंगार. एकच वस्तू दोन स्वभावांत फाटलेली पाहून कोणालाही हसू येईल.

पण ते घर नीट पाहिले की युक्तीची किंमतही ध्यानात येते. मधली रेघ कधी हलत नाही. पुढच्या खेपेला घर पुन्हा तसेच अर्धे-अर्धे दिसले पाहिजे, नाहीतर नावे खोटी पडतील. फ्लीबॅगने एखाद्या दिवशी आपला कोपरा आवरला तर तो फ्लीबॅग उरत नाही. नावाने त्याला बांधून टाकले आहे. स्पिफी असा का झाला, हा प्रश्नही कोणाच्या मनात येत नाही, कारण नावातच उत्तर मिळाल्यासारखे वाटते.

आता मूळ नाटक पाहू. ते 1965 साली ब्रॉडवेवर आले. त्यातल्या मित्रांची नावे ऑस्कर मॅडिसन आणि फेलिक्स अंगार. या नावांवरून कोण गबाळा आणि कोण काटेकोर, हे सांगता येणार नाही. फेलिक्स या लॅटिन शब्दाचा अर्थ तर ‘सुखी’, आणि हा गृहस्थ बायकोने घराबाहेर काढल्यावर जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचारात मित्राच्या दारी येतो. नाव काही सांगत नाही, म्हणून सायमनला सगळे करून दाखवावे लागते. ऑस्करच्या घरी पत्त्यांचा डाव पडला आहे, फ्रीज बिघडलेला आहे, आणि तो पाहुण्यांना विचारतो की तपकिरी सँडविच हवे की हिरवे. हिरवे कशाचे, हे त्यालाही धड ठाऊक नाही. पुढे फेलिक्स त्या घरात राहायला आल्यावर पुन्हा डाव पडतो, तेव्हा पत्त्यांना जंतुनाशकाचा वास येतो. त्याने पत्तेसुद्धा स्वच्छ केले आहेत. ‘गबाळा’ आणि ‘काटेकोर’ हे शब्द प्रेक्षकाच्या मनात आपोआप उमटतात. ते त्याचे त्याला सुचलेले असतात, म्हणून हसू अधिक खोल जाते.

नावावरचा विनोद सायमनने टाळला आहे असेही नाही. फेलिक्स ऑस्करच्या उशीवर चिठ्ठ्या ठेवतो. कॉर्नफ्लेक्स संपल्याची अशीच एक चिठ्ठी आहे आणि खाली सही म्हणून नावाची नुसती आद्याक्षरे. इंग्रजीत तीच दोन अक्षरे एका सणसणीत शिवीचीही आहेत. ही शिवी नसून फेलिक्सची सही आहे, हे उमगायला आपल्याला तीन तास लागले, असे ऑस्कर वैतागून सांगतो. चिठ्ठी लिहिणे, नम्रपणे सही करणे आणि त्यानेच समोरच्याचे डोके फिरवणे, यात सगळा फेलिक्स आला. हा विनोद नाव ऐकताक्षणी होत नाही. माणूस पुरता ओळखीचा झाल्यावर होतो. मराठीत ही अक्षरे जुळणार नाहीत, तेव्हा आमच्या मंडळींनी खरी मेहनत इथे घ्यावी.

नाटकाचा शेवट तर टापटीपकर-गबाळकरांच्या हातून निसटलाच असता. भांडण होऊन फेलिक्स घर सोडतो आणि पुन्हा डाव मांडला जातो. तेव्हा ऑस्करच मित्रांना बजावतो की सिगारेटी जपून ओढा, हे माझे घर आहे, डुकरांचा गोठा नव्हे. तोवर घटस्फोटित बायकोचे थकलेले पैसेही त्याने चुकते केले आहेत. ज्याला हाकलून दिले त्याचा थोडासा अंश आपल्यात उतरला आहे, हे ऑस्कर बोलून दाखवत नाही. प्रेक्षकाला मात्र कळते. मधली रेघ इथे हलली. त्याचे आडनाव गबाळकर असते तर हे वाक्य त्याच्या तोंडी विसंगत वाटले असते, किंवा नुसता आणखी एक विनोद ठरले असते.

कोणी म्हणेल, आपल्यातच ‘किश्मो केन हू’, जसे नाव तसा तो, असे म्हणतात ना? हे शब्द शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथातले, नाबालविषयीचे, आणि नाबाल म्हणजे मूर्ख. पण ते कोण बोलते आणि केव्हा, हे पाहावे. नाबालचे नाव कथेत आधीच येते. मग तो मेंढ्यांच्या लोकर कातरणीच्या वेळी दाविदाच्या माणसांना अपमान करून रिकाम्या हाताने परत पाठवतो. त्यानंतर, घर वाचवायला धावलेली त्याची बायको अबीगईल दाविदासमोर नावाचा अर्थ उलगडते. आधी करणी दिसली, मग नावाचा अर्थ पटला. क्रम उलटा असता तर त्या बाईच्या शब्दांना एवढे वजन आले नसते.

आपल्या घरांतही एक मूल ‘व्यवस्थित’ आणि दुसरे ‘गबाळे’ म्हणून एकदा ठरले की पन्नाशीपर्यंत ते तसेच ऐकत राहते. गबाळ्याने चार भांडी घासली तरी कोणाच्या नजरेस येत नाही. त्या दुभागलेल्या घराची मधली रेघ ती हीच.

म्हणून मंडळींना आमचे सांगणे इतकेच की नाटक जरूर करा, पण एकाला पेणकर म्हणा आणि दुसऱ्याला नागावकर. कोण पुसतो आणि कोण सांडतो, हे पडदा उघडल्यावर आमचे आम्ही पाहू.