पंधरा एप्रिलपासून, सतरापर्यंत

कारंज्याजवळच्या एका डाळ मिलच्या हिशेब विभागाने मार्च २०२५च्या अखेरीस पुरवठादारांसाठी लिहिलेलं आपोआप जाणारं उत्तर माझ्यासमोर आहे, आणि त्याचा पहिला खर्डाही. खर्डा असा:

'आपल्या मेलबद्दल धन्यवाद. वार्षिक लेखापरीक्षणाचे काम सुरू असल्याने आम्ही तूर्तास आपल्या मेलला उत्तर देण्यास असमर्थ आहोत. तसदीबद्दल दिलगीर आहोत. सोमवार, १४ एप्रिलनंतर लवकरात लवकर संपर्क साधू.'

व्याकरणाची चूक एकही नाही. पण बारदानावाल्याने मोबाइलवर पाहिलं तर सूचनेच्या ओळीत त्याला फक्त धन्यवाद दिसतात. त्याचा प्रश्न एकच असतो, 'कधी?' आणि त्याचं उत्तर चौथ्या वाक्यात, तेही 'लवकरात लवकर'च्या धुक्यात. 'असमर्थ' तर फारच वाईट. बिलं पडून असताना गिऱ्हाइकाने तो शब्द वापरला की ट्रकवाल्याला वाटतं, पैसेच संपले.

आता प्रत्यक्षात पाठवलेलं उत्तर:

'पेमेंटच्या चौकशीला मंगळवार, १५ एप्रिलपासून आलेल्या क्रमाने उत्तर देऊ; गुरुवार, १७ एप्रिलपर्यंत सगळ्यांना मिळेल. तोवर आमची वह्याबिलं ऑडिटसाठी लागलेली आहेत. ज्या बिलांची तारीख ठरली आहे त्यांचे पैसे या काळातही जमा होतील. बँकेला सुटी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. बिल नंबर लिहायचा राहिला असेल तरच पुन्हा मेल करा. बँक खाते बदलण्याची विनंती या काळात मेलवर स्वीकारली जाणार नाही.'

पहिल्याच वाक्यात दोन टोकं आहेत. नुसतं 'पासून' म्हणजे दार उघडल्याचं आश्वासन. रांग कधी सरेल ते 'पर्यंत' सांगतं. या दोन तारखा कशा ठरल्या, तेही पाहण्यासारखं आहे. खर्ड्यातली चौदा तारीख आंबेडकर जयंतीची, त्याआधी रविवार आणि दुसरा शनिवार. तीन दिवस सलग सुटी संपून कामाचा पहिला दिवस मंगळवार. अठराला गुड फ्रायडे. म्हणजे कामाचे सलग दिवस तीनच, आणि लिहिणाऱ्याने तेवढेच मागितले. तारीख कॅलेंडरवर बोट ठेवून लिहिली, की ती अशी घट्ट बसते.

माझ्या मते सगळ्यात कसलेलं वाक्य तिसरं. खर्ड्यात चौकशीचं उत्तर आणि पैसे यांची सरमिसळ होती. इथे त्यांची फारकत झाली. उत्तर थांबेल, पैसे थांबणार नाहीत. यात केवळ सौजन्य नाही. सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. ती मुदत ओलांडली आणि वर्षअखेरही उलटली, तर तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा होत नाही. ऑडिटर नेमकी हीच बिलं तारखेसकट पाहतो. तेव्हा ऑडिटमुळे पैसे अडले, असं पुरवठादाराला भासवणं म्हणजे ऑडिटरसाठी स्वतःविरुद्ध पुरावा लिहून ठेवणं. 'ज्या बिलांची तारीख ठरली आहे' ही मर्यादाही प्रामाणिक आहे. वजनात तूट निघालेल्या किंवा वादातल्या बिलाला हे वाक्य वचन देत नाही.

'तरच' या तीन अक्षरांनी आठवड्याचं काम वाचतं. पुन्हा मेल आला, की रांगेत नवा आकडा लागतो आणि एकाच बिलाची दोन माणसं चौकशी करतात. आणि आउटलुक हे उत्तर एका माणसाला एकदाच पाठवतं. म्हणजे पुरवठादाराने दुसऱ्यांदा विचारलं तर त्याला शांतताच मिळते. म्हणून पहिल्याच वेळी सगळं सांगून टाकणं भाग. जीमेल चार दिवसांनी त्याच माणसाला पुन्हा पाठवतं, पण त्यावर भिस्त ठेवून मजकूर लिहू नये.

शेवटचं वाक्य रुक्ष आहे, आणि तसंच हवं. हिशेबवाले ऑडिटरच्या कागदांत बुडालेत हे उत्तरच जगाला सांगतं. पुरवठादाराच्या नावाने नवा खाते क्रमांक पाठवणाऱ्या भामट्याला यापरती संधी नाही. म्हणून कुलूपही त्याच पत्रात. कोणाचं नाव नाही, कोणाचा मोबाइल नाही, तेही बरंच.

खटकतं ते एकच. 'वह्याबिलं ऑडिटसाठी लागलेली आहेत' यातलं 'लागलेली' थोडं अडखळतं. 'ऑडिटरकडे आहेत' म्हटलं असतं तर हमालांच्या टोळीचा मुकादमही एका दमात वाचून गेला असता. मात्र हे उत्तर बंद होण्याची वेळ त्यांनी आधीच बांधून ठेवली होती: १५ एप्रिल, सकाळी ९. सोळा तारखेलाही 'पंधरापासून उत्तर देऊ' असं सांगत बसणारं पत्र मी दुसरीकडे पाहिलं आहे.