सापडलेलाच शब्द पुन्हा

मसुद्यातलं वाक्य मोडून पुन्हा जुळवलं की ‘आणि आणि’सारखी जोडी मागे राहून जाते. एक ‘आणि’ ओळीच्या शेवटी आणि दुसरा पुढच्या ओळीच्या आरंभी असला, तर तो नजरेतून हमखास सुटतो. अशा जोड्या हुडकणारं हे रेग्युलर एक्स्प्रेशन सावकाश वाचण्याजोगं आहे:

```
(?<!\S)(\S+)\s+\1(?!\S)
```

आधी मधला भाग पाहू. कंसातला `\S+` म्हणजे मध्ये जागा न सोडलेली अक्षरं, म्हणजेच एक शब्द. `\s+` म्हणजे मोकळी जागा. नवी ओळही तिच्यातच धरली जाते. मात्र त्यासाठी सगळा मजकूर एकसंध द्यावा लागतो. `grep` ओळ-ओळ वाचतो, त्यामुळे ओळीच्या काठावरची जोडी त्याला दिसत नाही.

या रचनेचा प्राण `\1` मध्ये आहे. तिथे पुन्हा `\S+` लिहिलं असतं, तर शेजारचे कुठलेही दोन शब्द चालले असते. `\1` मात्र पहिल्या कंसात प्रत्यक्ष जे सापडलं, नेमकं तेच मागतो. कोणता शब्द शोधायचा हे आपण सांगतच नाही; मजकूरच ते पुरवतो. कोणताही शब्द लक्षात ठेवून त्याचीच पुनरुक्ती ओळखणं गणितातल्या मूळ, क्लीनीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या आवाक्याबाहेरचं आहे. या दोन चिन्हांनी ती मर्यादा ओलांडली जाते, हे मला फार सुंदर वाटतं.

दोन्ही टोकांच्या अटी काढून पाहिल्या की त्यांची किंमत कळते. पहिली काढली, तर ‘नेहमी मी’मध्ये ‘मी मी’ सापडतं. शेवटची काढली, तर ‘ती तीन’मध्ये ‘ती ती’. शब्दाआधी आणि शब्दानंतर दुसरं अक्षर नको, एवढंच त्या सांगतात.

इंग्रजीसाठी सर्रास दिला जाणारा `\b(\w+)\s+\1\b` मराठीवर चालवू नये. पायथनच्या `re` मध्ये मात्रा आणि हलन्त `\w` मध्ये येत नाहीत. त्यामुळे ‘पण पण’ सापडतं, पण ‘आणि आणि’ निसटतं, कारण शेवटच्या वेलांटीपाशी शब्द तुटतो. उलट ‘फक्त तीन’ या निर्दोष जोडीत त्याला ‘त त’ दिसतं. म्हणून ही तीन उदाहरणं आधी चालवून पाहावीत. वरच्या रचनेतही एक उणीव आहे: दुसऱ्या शब्दाला स्वल्पविराम चिकटला असेल, तर ती जोडी हुकते.

आणि सापडलेलं सगळं एकदम पुसू नये. ‘बघता बघता’, ‘परत परत’, ‘जो जो येईल तो तो’ ही आपली बोलण्याची रीतच आहे. ‘तो तो म्हणाला’ मधला एक ‘तो’ जास्तीचा आहे आणि ‘तो तो पुढे गेला’ मधले दोन्ही कदाचित हवेच आहेत. ते मागचं वाक्य वाचूनच ठरतं.