‘सुधारावा’ या क्रियापदाचा अर्थ: संपादकीय निर्णयपत्राची एक चिकित्सा

संशोधनपर नियतकालिकाचा संपादक लेखकाला जे निर्णयपत्र पाठवतो, ते सहसा समीक्षेचा विषय होत नाही. ते खाजगी असते आणि त्याचे काम संपले की फायलीत जाते. तरीही ऑस्टिन यांनी ज्याला उक्तिकृती म्हटले, तिचे हे नमुनेदार उदाहरण आहे. स्वीकार आणि नकार या दोन कृतींमध्ये संदिग्धता राहत नाही. ‘मोठ्या सुधारणेची अपेक्षा’ ही तिसरी कृती मात्र अवघड असते. तिच्यात नकार आहे, निमंत्रण आहे, आणि जे अजून लिहिले गेलेले नाही अशा लेखाची अट आहे.

मराठीत संपादकाने पुनर्लेखन मागण्याची परंपरा ‘सत्यकथे’मुळे परिचयाची आहे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांचा लेखकांशी होणारा पत्रव्यवहार हा त्या मासिकाच्या घडणीचाच भाग मानला जातो. १९६९ मध्ये ‘सत्यकथे’ची होळी झाली, तिच्यामागे इतर कारणांसोबत संपादकीय अभिरुचीच्या सत्तेविषयीचा रागही होता. तेथे संपादक स्वतःच्या अभिरुचीच्या बळावर बोलत असे. संशोधनपत्रिकेचा संपादक दोन परीक्षकांच्या वतीनेही बोलतो, आणि इथेच त्याच्या भाषेची कसोटी लागते.

एक रचलेले उदाहरण घेऊ. श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर येथील शके ९८२ (इ. स. १०६०) चा ताम्रपट हे मराठी गद्याचे पहिले वाङ्मयीन उदाहरण होय, असे प्रतिपादन करणारा लेख एका पत्रिकेकडे आला आहे. पहिल्या परीक्षकाला पाठचिकित्सा अपुरी वाटली. दुसऱ्याला ‘वाङ्मयीन’ या संज्ञेची मांडणी कच्ची वाटली. पहिला म्हणतो, सैद्धान्तिक भाग कापावा. दुसरा म्हणतो, तो वाढवावा. संपादकाचे पत्र असे:

‘आपल्या लेखावरील अभिप्राय आले आहेत. दोन्ही परीक्षकांना लेख अपुरा वाटला. मूळ साधने पाहिलेली दिसत नाहीत. “पहिले” हा शब्द धाडसाचा आहे. सिद्धान्ताची बाजू वाढवता आली असती. लेख मात्र बराच लांबला आहे. सोबतचे अभिप्राय पाहून लेख योग्य प्रकारे सुधारावा व लवकर पाठवावा.’

हे पत्र उद्धट नाही. ‘आपल्या’ असा आदरार्थी शब्द त्यात आहे. पण दुखावणारे वाक्य आहे ते ‘पाहिलेली दिसत नाहीत’ हे. लेखात काय नाही, ते सांगण्याऐवजी लेखकाने काय केले नाही, याचा तर्क ते करते. त्यामुळे आक्षेप संहितेवरून संशोधकाच्या प्रामाणिकपणावर सरकतो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. सिद्धान्त वाढवायचा आणि लेख आटोपशीर करायचा, या परस्परविरोधी सूचना संपादकाने लागोपाठच्या वाक्यांत शेजारी ठेवल्या, निवाडा केला नाही. अभिप्राय पुढे पाठवणे हे टपाल्याचे काम झाले.

तिसरा दोष मराठीच्या व्याकरणात दडलेला आहे. ‘सुधारावा’ या विध्यर्थी रूपात आज्ञा, विनंती, सल्ला आणि इच्छा असे सगळे अर्थ मावतात. ‘वेळेवर यावे’ ही कार्यालयीन सूचना आणि ‘एकदा कोकणात यावे’ हे आमंत्रण, दोन्हींचे रूप एकच. बोलण्यात आवाज अर्थ ठरवतो. पत्रात आवाज नसतो. म्हणून संकोची लेखक प्रत्येक ‘-वा’ला आज्ञा समजतो, तर आत्मविश्वासू लेखक त्यालाच सौजन्य समजून बाजूला ठेवतो. सुधारित लेख आल्यावर दोघांवरही संपादक नाराज होतो, आणि तो दोष मुळात त्याचाच असतो.

तेच पत्र असे लिहिता येईल:

‘स. न. वि. वि.

दिवेआगर ताम्रपटावरील आपला लेख दोन परीक्षकांनी वाचला. आहे त्या स्वरूपात तो स्वीकारता येत नाही. पुढील बदलांसह तो तीन महिन्यांत पुन्हा पाठवण्याची विनंती आहे. सुधारित लेख परीक्षकांकडे पुन्हा जाईल, त्यामुळे स्वीकृतीचे आश्वासन आज देता येत नाही. ताम्रपटातील क्रियारूपांचे आपले विश्लेषण दोघांनाही मौलिक वाटले. तो भाग कायम ठेवावा.

हे बदल आवश्यक आहेत:

१. ताम्रपटाचा पाठ कोणत्या आवृत्तीतून घेतला, हे लेखात सांगितलेले नाही. ते नोंदवून शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’मधील पाठाशी तो ताडून पाहणे आणि फरक दाखवणे आवश्यक आहे.

२. अक्षी येथील शिलालेखाचा शके ९३४ हा काल मान्य केल्यास “पहिले” हा दावा टिकत नाही. त्या कालवाचनाविषयी मतभेद आहेत. आपण कोणती बाजू घेता ते सकारण सांगणे, किंवा दावा ताम्रपटांपुरता मर्यादित करणे आवश्यक आहे.

३. सैद्धान्तिक भागाविषयी परीक्षकांचे मत भिन्न आहे. संपादकीय निर्णय असा की तो भाग वाढवू नये. मात्र व्यवहारलेखाला “वाङ्मयीन” कोणत्या निकषावर म्हटले, ते एका परिच्छेदात स्पष्ट करणे आवश्यक आहे.

शीर्षक बदलण्याची एका परीक्षकाची सूचना ऐच्छिक आहे. आवश्यक बदलांपैकी एखादा आपल्याला अमान्य असल्यास सोबतच्या टिपणात कारण द्यावे. त्याचा विचार केला जाईल.’

दुसरे पत्र लांबले आहे, पण लेखकाचे काम त्याने कमी केले आहे. ‘आवश्यक आहे’ आणि ‘ऐच्छिक’ या शब्दांनी विध्यर्थाची संदिग्धता मिटवली. प्रत्येक कलमात उणीव कुठे आहे आणि काय झाले म्हणजे ती भरून निघेल, हे दोन्ही आहे. ‘साधने पाहिलेली दिसत नाहीत’ याच्या जागी ‘आवृत्ती सांगितलेली नाही’ आले. आरोप गेला, मागणी उलट अधिक कडक झाली. स्तुतीचे वाक्यही शोभेसाठी नाही: सुधारणेच्या भरात लेखक चांगला भागच पुसून टाकतो, हे टाळण्यासाठी ते आहे. मोघम ‘लेख अभ्यासपूर्ण आहे’ याने ते काम साधले नसते.

सर्वांत महत्त्वाचे तिसरे कलम. मतभेद न लपवता संपादकाने निवाडा स्वतःच्या नावावर घेतला आहे. यात धोका आहे, कारण डावलला गेलेला परीक्षक दुसऱ्या फेरीत तीच मागणी पुन्हा करील. त्यालाही निवाड्याची प्रत पाठवली नसेल, तर लेखक दोन आदेशांच्या कात्रीत सापडतो.

यादीलाही मर्यादा आहे. अभिप्रायांतील प्रत्येक वाक्याला क्रमांक देऊन वीस कलमे केली, तर मुद्रणदोष आणि प्रमेयातील खिंड एकाच पंक्तीला बसतात. त्याहून कठीण प्रसंग म्हणजे आवश्यक बदल केल्यावर लेखकाचे प्रमेयच उरत नाही तो. वरच्या उदाहरणात ‘पहिले’ हा दावा मर्यादित झाला तरी क्रियारूपांवरील निष्कर्ष उभा राहतो, म्हणून सुधारणा मागणे योग्य ठरते. तो निष्कर्षच सदोष पाठावर उभा असता, तर कितीही आर्जवी यादी लेखकाचे तीन महिने वाया घालवणारी ठरली असती, आणि तेथे सरळ नकाराचे पत्र अधिक आदराचे झाले असते.