धाकट्या आजीचं भाषांतर

आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा अमेरिकेतल्या नातवाने बेळगावच्या कार्यक्रमासाठी एक टोस्ट लिहून पाठवला. इंग्रजीत, जेमतेम आठ वाक्यांचा. ऐकणाऱ्यांत निम्मे लोक निपाणी-चिकोडीकडचे, त्यांना इंग्रजी जड. म्हणून घरातल्याच एका शिकलेल्या माणसाने त्याचं मराठी करून ठेवलं होतं. ते वाचून नातवाचा फोन आला, "धाकटी आजी, हे बरोबर आहे, पण हसू येत नाही गं. तू बघतेस काय?"

मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बसले. खरंच, चूक एकही नव्हती. तरी विनोद मेलेला होता. कुठे मेला, ते सांगते.

पहिला विनोद असा होता : 'फिफ्टी इयर्स अगो माय ग्रँडफादर टूक अ व्हाऊ ऑफ सायलेन्स. ही कॉल्ड इट अ वेडिंग.' घरचं भाषांतर : 'पन्नास वर्षांपूर्वी माझ्या आजोबांनी मौनाची शपथ घेतली. त्याला ते लग्न म्हणाले.' इंग्रजीत 'वेडिंग' हा शब्द अगदी शेवटी येतो. तोवर ऐकणारा खरोखरच कुठल्या तरी शपथेचा विचार करत असतो. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे 'लग्न' आधी फुटलं आणि मागे 'म्हणाले' हा रिकामा डबा खडखडत राहिला. ऐकताना हसायचं कधी तेच कळत नाही.

दुसरी चूक 'मौनाची शपथ' ही. असं आपण बोलतच नाही. आपल्याकडे मौनव्रत असतं. गंमत अशी की इंग्रजी ऐकणाऱ्याला हे व्रत मठातलं, दूरचं वाटतं, म्हणून तो हसतो. आमच्या दिगंबर घरांत ते दूरचं नाही. मुनिमहाराज मौनानेच आहार घेतात, जेवताना न बोलण्याचा नियम घेतलेली माणसं प्रत्येक घरात एखाद-दुसरं आहेत. मग व्रताची चेष्टा होईल काय, अशी मला धाकधूक होती. पण बारकाईने पाहिलं तर हसू व्रताला नाही, व्रत न सुटण्याला आहे. व्रत म्हटलं की त्याला मुदत असते, शेवटी उद्यापन असतं. ही गोष्ट इंग्रजीपाशी नाहीच. म्हणून मी लिहिलं :

'पन्नास वर्षांपूर्वी आजोबांनी मौनव्रत घेतलं. अजून उद्यापनाचं नाव नाही.'

लग्न हा शब्दच गेला. समोर हार घातलेलं जोडपं बसलेलं असताना तो सांगायची गरज काय?

दुसरा विनोद : 'ग्रँडपा ड्राइव्ह्ज अ स्कूटर. ग्रँडमा ड्राइव्ह्ज हिम क्रेझी.' सगळी करामत 'ड्राइव्ह' या एका क्रियापदाची. घरच्या भाषांतरात 'आजोबा स्कूटर चालवतात. आजी त्यांना वेडे करते.' इथे दोन क्रियापदं झाली आणि कोटीच्या जागी तक्रार उरली. मला आधी सुचलं ते असं : 'आमच्या घरी सूर्यास्तानंतर कोणी काही खात नाही. फक्त आजी आजोबांचं डोकं खाते.' हे लिहून मी स्वतःच हसले. कोटी मुळाच्या जागी बसते, डंख तेवढाच, आणि आमच्या रात्रीच्या न जेवण्यातून ती आपोआप उगवते. भाषांतराच्या तोलात पाहिलं तर मुळापेक्षा काकणभर सरसच.

तरी ते मी खोडलं.

कारण सांगते. तोवर माझ्या लक्षात आलं होतं की आठांतले दोन्ही विनोद जाऊबाईंवरच आहेत. इंग्रजीत ते चाललं असतं, कारण त्यांना इंग्रजी येत नाही. लोक हसले म्हणून त्याही हसल्या असत्या. मराठीत पहिल्यांदाच त्यांना कळणार होतं की आपल्याला हसतायत. भाषांतराने शब्द बदलतात हे आपण म्हणतो. इथे ऐकणारंच माणूस बदलत होतं, आणि ते पुढच्या रांगेत शालू नेसून बसणार होतं.

त्यात व्याकरणाचीही एक खोच आहे. इंग्रजीत 'ही' आणि 'शी' एकाच पायरीवर. मराठीत नातू आजोबांना 'ते' म्हणतो आणि आजीला 'ती'. आजीला 'ती' म्हणण्यात माया आहे हे खरं, पण चेष्टेच्या वाक्यात आजोबा अहो-जाहोच्या पाटावर बसतात आणि आजी खाली. 'त्यांचं डोकं खाते' हे मुळात नसलेला जोर घेऊन येतं. लिहिताना कळत नाही, मोठ्याने वाचलं की कळतं. भाषणाचं भाषांतर मोठ्याने वाचल्याशिवाय पुरं झालं असं मी धरत नाही.

शेवटी ठेवलं ते हे : 'आजोबा स्कूटर चालवतात आणि आजी आजोबांना.' दुसरं क्रियापद गाळलं. ते ऐकणाऱ्याच्या तोंडात आपोआप येतं आणि तिथेच तो हसतो. 'क्रेझी' गेलं, त्रास देणारी आजी जाऊन घर चालवणारी आजी आली. हा बदल लहान नाही. कोणी म्हणेल, मूळ लेखकाचा विनोद तुम्ही मवाळ केलात. केला. नातवाला फोनवर विचारून केला.

तिसऱ्या जागी विनोद नव्हता, वळण होतं. आजीने कधी 'आय लव्ह यू' म्हटलं नाही, ती 'हॅव यू ईटन' एवढंच विचारते. घरच्या भाषांतरात 'मी तुझ्यावर प्रेम करते, असे ती कधी म्हणाली नाही' असं होतं. हे वाक्य आमच्यात सिनेमात सुद्धा कोणी सरळ तोंडाने म्हणत नाही. इथे उलट इंग्रजी तसंच ठेवावं लागतं, कारण न म्हटलेली गोष्ट परकी आहे हाच मुद्दा : 'आजीने आम्हाला कधी आय लव्ह यू म्हटलं नाही. ती म्हणते, जेवलास काय?' 'जेवलास का' नव्हे. जाऊबाई 'काय'च म्हणतात, बेळगावात सगळेच म्हणतात.

मग आला पेला. 'प्लीज रेज युवर ग्लासेस.' घरचं भाषांतर : 'कृपया आपले पेले उंचवा.' 'टोस्ट' हे नाव पडलं ते मसाला लावून भाजलेला पाव दारूत टाकत म्हणून. आमच्या मांडवात दारू सोडा, कांदा-बटाटाही येत नाही. मठ्ठ्याचे पेले उंचवणं म्हणजे नाटकातलं सोंग. पण पेला काढून टाकला तर भाषण नुसतंच थांबतं. पेल्याचं काम पिण्याचं नसतं. सगळ्यांनी एकदम काहीतरी करायचं असतं, ते त्याचं काम. आपल्या कार्यात सगळे एकदम ओरडतात असा क्षण कुठला? 'नाव घ्या' म्हणतो तो. तेव्हा शेवटचं वाक्य असं झालं :

'आता आजोबांनी आजीचं नाव घ्यावं आणि मौनव्रताचं उद्यापन करावं.'

पहिला विनोद इथे परत येतो, आणि पहिल्यांदाच तो आजोबांच्या अंगावर येतो. मुळात हे नाही. हे भाषांतर की माझी भर, यावर घरात वाद झाला. घरच्या भाषांतरकारांचं म्हणणं होतं की नातवाच्या तोंडी न म्हटलेलं घालू नये, आणि तत्त्व म्हणून ते बरोबर आहे. छापायचा मजकूर असता तर मीही पेला ठेवून खाली टीप दिली असती. पण मांडवात टीप देता येत नाही.

कार्यक्रम दुपारी चारला होता, सूर्यास्ताआधी पानं वाढायची म्हणून. पहिल्या विनोदाला बायका हसल्या, दुसऱ्याला पुरुष. जाऊबाई 'जेवलास काय'ला हसल्या, कारण त्यांना त्यात काय विशेष तेच कळेना. मग सगळ्यांनी 'नाव घ्या, नाव घ्या' असा गिल्ला केला. भाऊजी उठले. पन्नास वर्षं 'अगं'वर भागवलेला माणूस. यमक काही जुळेना, दोनदा घसा खाकरला, आणि नुसतंच नाव घेतलं.

जाऊबाई म्हणाल्या, "हां, आलं ऐकायला. बसा आता."

हे वाक्य कुठल्याच कागदावर नव्हतं.