धर्मवार की कार्यवार? अंत्यविधींवरील तुलनात्मक निबंधाची मांडणी

बेंगळुरूत समाजशास्त्र शिकवताना ‘शहरातील अंत्यविधींची तुलना’ हा विषय मी बऱ्याच वर्षांपासून निबंधाला देतो. इथे तो सोपा वाटतो, कारण सामग्री दाराशीच आहे. ‘हिंदू रुद्रभूमी’ अशा पाट्यांची स्मशाने, लिंगायतांच्या दफनभूमी, कब्रस्ताने, होसूर रस्त्यावरची ख्रिस्ती दफनभूमी आणि पारशी समाजाचा दोखमा, हे सगळे एकाच शहरात आहे. तरीही हाती येणारे बहुतेक निबंध एकाच साच्याचे असतात: पहिला भाग हिंदू, दुसरा लिंगायत, तिसरा मुस्लिम, चौथा ख्रिस्ती, पाचवा पारशी, आणि शेवटी ‘अशा प्रकारे पद्धती वेगळ्या असल्या तरी भावना एकच आहे’ हे वाक्य. या टिपणात अशाच एका निबंधाची चिकित्सा करायची आहे. विद्यार्थिनी मराठी घरातली होती आणि निबंधातली माहिती बहुतांशी बरोबर होती. दोष मांडणीत होता.

धर्मवार मांडणीची मुख्य अडचण अशी की तुलना करण्याचे काम वाचकावर पडते. दुसऱ्या पानावर सुतकाचे दहा दिवस येतात आणि सातव्या पानावर इद्दतचे चार महिने दहा दिवस. मध्ये पाच पाने गेलेली असतात. दोन्ही वाचून माणूस एवढेच म्हणतो की दोन्हीकडे काही काळ बंधने पाळतात. ‘भावना एकच’ हा निष्कर्ष तिथूनच निघतो. तो कोणत्याही पुराव्यातून येत नाही, दोन नोंदी एकमेकींसमोर ठेवल्या नाहीत म्हणून येतो.

याला पर्याय जुनाच आहे. रॉबर्ट हर्ट्झ याने 1907 साली बोर्निओतील दायाक लोकांच्या दुहेरी दफनावर लिहिताना मृत्यूचे विधी तीन गोष्टींभोवती उलगडले: मृतदेह, आत्मा आणि मागे राहिलेले लोक. व्हॅन जेनेप याचे संक्रमणविधींवरचे पुस्तक 1909 चे. अंत्यविधीत विलग करण्याचे विधी सर्वांत ठळक असतील अशी अपेक्षा असते, पण मधल्या अधांतरी काळाचे विधीच बहुधा जास्त लांब आणि गुंतागुंतीचे निघतात, हे त्याने दाखवले. आपल्या कामापुरते हर्ट्झचे तीन धागे पुरतात. देहाचे काय करायचे, गेलेल्याला कुठे पोचवायचे, आणि जिवंतांपैकी कोणी किती काळ बाजूला राहायचे, हे तीन प्रश्न म्हणजे तीन कार्ये. निबंध या प्रश्नांवर उभा करायचा आणि प्रत्येक प्रश्नाखाली सर्व परंपरा एकत्र आणायच्या.

आता तिसरा प्रश्न घेऊन प्रत्यक्ष करून पाहू, कारण विद्यार्थिनीचा निबंध तिथेच सर्वांत जास्त कोसळला होता. मूळ निबंधात एका ठिकाणी असे होते: ‘हिंदूंमध्ये दहा दिवस सुतक पाळून शोक करतात.’ पुढे मुस्लिमांच्या भागात: ‘पत्नी इद्दत पाळून शोक करते.’ दोन्ही ‘शोक’ या एकाच शब्दाखाली गेले. कार्यवार मांडताना मात्र पहिला प्रश्न पडतो तो ‘कोण?’ सुतक सपिंडांना लागते, म्हणजे पितृवंशातल्या भाऊबंदांना. ज्या चुलत भावाशी वर्षानुवर्षे बोलणे नाही, त्यालाही ते लागते. उलट लग्न होऊन गेलेल्या मुलीला आई-वडिलांचे सुतक शास्त्राप्रमाणे तीनच दिवसांचे, मग तिचे दुःख घरातल्या कोणापेक्षाही मोठे असो. आणि मराठी घरात वाढलेल्या कोणालाही ठाऊक असते की मूल जन्मले तरी ‘सोयर’ पाळतात आणि तेही दहा दिवसांचेच. जन्माच्या आनंदातही तेच बंधन येत असेल, तर ते शोकाचे असूच शकत नाही. वंशात एक माणूस आला किंवा गेला, आणि वंश कुठवर पसरला आहे, याची ती नोंद आहे.

इद्दतीत बंधन फक्त पत्नीवर असते. मुदत चार महिने दहा दिवसांची, आणि ती गरोदर असेल तर प्रसूतीपर्यंत. इतर नातेवाइकांनी तीन दिवसांहून अधिक शोक पाळू नये असा दंडक आहे. म्हणजे इथे भाऊबंद लगेच मोकळे होतात आणि एकटी विधवा थांबते. इद्दत विवाहबंधाची समाप्ती आखते. त्यात गर्भाच्या पितृत्वाची निश्चिती होते आणि पुनर्विवाहाचा रस्ताही पुढे खुला राहतो. सुतक वंशाची हद्द दाखवते, इद्दत लग्नाची. ही दोन वाक्ये लिहिता आली की निबंधात पहिल्यांदा तुलना घडली असे समजावे.

याच प्रश्नाखाली लिंगायत आणले की आणखी एक गोष्ट दिसते, जी धर्मवार निबंधात दिसूच शकत नाही. तत्त्वतः लिंगायत सुतक मानत नाहीत. अंगावर इष्टलिंग धारण करणाऱ्याचा देह अपवित्र होत नाही, मग मृत्यूने विटाळ कसला, अशी त्यांची भूमिका. मृताला बहुधा बसलेल्या स्थितीत, इष्टलिंगासह पुरतात. स्वतंत्र प्रकरणात ‘लिंगायतांत सुतक नसते’ हे वाक्य नुसती माहिती म्हणून पडून राहिले असते. सुतकाच्या शेजारी आणून ठेवल्यावर ती रिकामी जागा बोलू लागते. शेजारच्या परंपरेने जी गोष्ट पाळली, ती जाणीवपूर्वक नाकारलेली आहे, आणि नाकारण्यामागे देहाविषयीचा सिद्धांत आहे. अर्थात प्रत्यक्षात एखादे लिंगायत कुटुंब काही दिवस बाजूला राहते का, हे घरी जाऊन विचारावे लागते. पुस्तकातला नकार आणि घरातला आचार या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

इथे एक सावधगिरी हवी. विद्यार्थिनीने दुसऱ्या खर्ड्यात मांडणी बदलली, पण शीर्षक दिले ‘अशौच’. झाले, हिंदू परंपरा मोजपट्टी बनली आणि बाकी सगळे ‘यांच्यात अशौच नाही’ किंवा ‘यांच्यात अशौच कमी’ अशा उणिवांत मोजले गेले. कार्याचे नाव कोणत्याही एका परंपरेच्या शब्दातून घेऊ नये. ‘मृत्यूनंतर कोणाच्या हालचालीवर, कामावर, खाण्यावर बंधन येते आणि ते कोण उठवतो?’ असा प्रश्नच शीर्षक म्हणून चालतो. लांब आहे, पण प्रामाणिक आहे.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे वरवरचे कार्यवार. शीर्षके बदललेली, पण प्रत्येक शीर्षकाखाली पुन्हा हिंदू, लिंगायत, मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी असा तोच क्रम आणि प्रत्येकाला दोन वाक्ये. ओळखण्याची खूण सोपी आहे. एका परंपरेचे वाक्य काढून टाका. शेजारच्या वाक्याला काहीच झाले नाही, तर तिथे तुलना नव्हती. वरच्या परिच्छेदांतून सोयर काढले तर सुतकाचा मुद्दा लंगडा होतो, आणि सुतक काढले तर लिंगायतांचा नकार निरर्थक होतो. तसे झाले पाहिजे.

या मांडणीचा मला सर्वांत आवडणारा लाभ अन्नाच्या बाबतीत होतो. विद्यार्थिनीच्या पहिल्या निबंधात जेवणाची माहिती पाच ठिकाणी विखुरलेली होती, आणि तिला स्वतःलाही त्यात विशेष काही वाटले नव्हते. एकत्र केल्यावर दिसले की अन्नाला दिशा असते. सुरुवातीला ते घराकडे येते. मराठी घरात चूल पेटत नाही, शेजारी-सोयरे पिठलं-भात आणतात, काही भागांत त्या घासाला ‘कडू घास’ म्हणतात. मुस्लिम घरातही शेजाऱ्यांनी जेवण पाठवावे असा संकेत आहे, आणि त्याला जाफरच्या कुटुंबासाठी जेवण करायला सांगणाऱ्या हदीसचा आधार देतात. मग कधीतरी दिशा उलटते. तेराव्याला तेच घर इतरांना जेवू घालते. अनेक मुस्लिम घरांत चाळिसाव्याला असेच होते, आणि काही विद्वान त्याला विरोध करतात, तेही बरेचदा याच कारणाने की दुःखी घरावर इतरांना जेवू घालण्याचा भार पडू नये. म्हणजे वादही दिशेवरच आहे. घर घेणाऱ्याचे देणारे कधी होते, हा क्षण बंधन उठल्याची सर्वांत खात्रीची खूण ठरते. पंचांगापेक्षा स्वयंपाकघर पाहा, असे मी वर्गात सांगतो.

देह आणि आत्मा ही कार्ये खरोखर वेगळी आहेत की आपण अभ्यासासाठी पाडलेले कप्पे आहेत, असा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. त्याला उत्तर देणारी घटना या शहराने पाहिली. एप्रिल 2021 च्या अखेरीस करोनाच्या दुसऱ्या लाटेत बेंगळुरूच्या सुमनहळ्ळीसारख्या विद्युतदाहिन्यांबाहेर रुग्णवाहिकांच्या रांगा लागल्या, आणि तावरेकेरेजवळ गिड्डेनहळ्ळीच्या दगडाच्या खाणीत उघड्यावर चिता रचाव्या लागल्या. देहाचे कार्य उरकले, पण अनेकांच्या अस्थी कोणी नेल्या नाहीत. 2 जून 2021 रोजी राज्याचे महसूलमंत्री आर. अशोक यांनी मंड्या जिल्ह्यातील बेळकवाडी येथे अशा पाचशेहून अधिक मृतांच्या अस्थींचे कावेरीत विधिवत विसर्जन केले. देह एका ठिकाणी, एका यंत्रणेने मार्गी लावला. गेलेल्याला पोचवण्याचे काम महिन्याभराने दुसऱ्याच कोणी, मुलाच्या जागी उभे राहून केले. तिसरे कार्य, म्हणजे जिवंतांनी एकत्र बसणे, कित्येक घरांत झालेच नाही. अडचणीत सापडल्यावर विधी या सांध्यांवरच तुटतो.

पारशांचे उदाहरण कमी नाट्यमय आहे, पण तेच दाखवते. गिधाडे जवळपास नाहीशी झाल्यावर मुंबईत दहनाचा मार्ग घेणाऱ्या पारशांसाठी 2015 मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत प्रार्थनागृह उघडले. देहाची रीत पार बदलली, तरी चौथ्या दिवसापर्यंतच्या प्रार्थना चालू राहिल्या. धर्मवार निबंधात याला ‘परंपरेचा ऱ्हास’ म्हटले जाते. कार्यवार निबंधात विचारता येते की कोणते कार्य बदलले आणि कोणते टिकले.

आता या मांडणीची किंमतही सांगितली पाहिजे. दहा दिवसांचे पिंड पाहा. त्यांतून प्रेताचे नवे शरीर अवयवाअवयवाने घडते असे मानतात, दहाव्याला कावळा पिंडाला शिवण्याची सगळे वाट पाहतात, आणि त्याच सुमारास भाऊबंदांचे सुतक सुटते. देह, आत्मा आणि जिवंत माणसे, तिन्ही धागे नदीकाठच्या त्या एका सकाळी गाठ मारून बसलेले असतात. कार्यवार मांडणी ही गाठ कापते. म्हणून विद्यार्थिनीला मी सुचवले की निबंधाच्या आरंभी प्रत्येक परंपरेचा एकेक छोटा परिच्छेद ठेव, मृत्यूच्या क्षणापासून शेवटच्या विधीपर्यंतचा क्रम सांगणारा, त्यात तुलना करू नकोस. आणि दहाव्या दिवसासारखी गाठ आली की ती एकाच ठिकाणी पूर्ण सांग, बाकी ठिकाणी नुसता निर्देश कर.

तिसरा खर्डा आला तेव्हा ख्रिस्ती भाग सर्वांत रोडावला होता. तिला वाटले माहिती कमी पडली. मला वाटते प्रश्न कमी पडला. 2 नोव्हेंबरला कबरी स्वच्छ करून त्यांवर फुले-मेणबत्त्या ठेवतात, पितृपक्षात मराठी घरात पान वाढतात. हे ना देहाचे कार्य, ना बंधनाचे. मृतांशी दरवर्षी नाते चालू ठेवण्याचा हा चौथा प्रश्न होता, आणि तो तिने सामग्रीतून शोधून काढला, हर्ट्झकडून घेतला नाही. पहिल्या तीन शीर्षकांपैकी कोणते त्यासाठी आखडते घ्यावे यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.