गृहीतकांची यादी कोणत्या कामाला बांधलीय? लिव्हिंग्स्टन, औंढा आणि आपला सिनॉप्सिस

पीएच.डी.चा कुठलाही सिनॉप्सिस उघडा. पहिल्या प्रकरणात 'संशोधनाची गृहीतके' असं एक शीर्षक असतं आणि त्याखाली चार-पाच वाक्यं. 'प्रतिसादक खरी माहिती देतील.' 'निवडलेला नमुना प्रातिनिधिक आहे.' 'उपकरणांची अचूकता पुरेशी आहे.' पुढे प्रबंध छापून येईपर्यंत ही वाक्यं कुणी परत वाचत नाही. माझा आक्षेप वाक्यांवर नाही, ती बरीचशी बरोबरच असतात. आक्षेप त्यांच्या जागेवर आहे. ती एका प्रकरणात राहतात आणि कामं दुसरीकडे, वेळापत्रकात. दोघांची गाठ कधी पडतच नाही.

आधी एक घोळ मिटवू. गृहीतक म्हणजे परिकल्पना नव्हे. परिकल्पना तुम्ही तपासायला घेता, तिच्यासाठी अख्खं संशोधन उभं असतं. गृहीतक तुम्ही न तपासता खरं मानून पुढे जाता. म्हणूनच ते जास्त धोकादायक, कारण त्याच्याकडे बघायला कुणी नेमलेलंच नसतं. आणि 'अनुत्तरित प्रश्न' हे गृहीतकाचंच दुसरं रूप आहे. उत्तर मिळेपर्यंत तुम्ही काहीतरी धरूनच काम करत असता, फक्त ते लिहिलेलं नसतं.

आता हिंगोली जिल्ह्यात या. औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात लायगो-इंडियाची जागा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ च्या फेब्रुवारीत या प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा एकमेकींना काटकोनात असतील आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनपेक्षाही कितीतरी लहान फरक पडला तर तो मोजायचा, असं हे यंत्र. साहजिकच जागा निवडताना जमीन किती हलते हा मुख्य प्रश्नांपैकी एक होता. 'जागा शांत आहे' हे इथलं मूळ गृहीतक, आणि ते किती महाग पडू शकतं हे लायगोच्याच अमेरिकेतल्या वेधशाळेने पूर्वी पाहिलंय.

लुइझियाना राज्यातल्या लिव्हिंग्स्टनच्या वेधशाळेभोवती लाकडासाठी वाढवलेलं जंगल आहे. दिवसा झाडतोड चालते, अवजड गाड्या फिरतात, जवळून रेल्वे जाते. यातून जमिनीत १ ते ३ हर्ट्झच्या आसपास कंप उठतात. गुरुत्वीय लहरी लायगो ज्या पट्ट्यात शोधतो त्याच्या हा पट्टा बराच खाली आहे, म्हणून वरवर पाहता काळजीचं कारण नाही. पण आरसे ज्या स्प्रिंगच्या थरांवर बसवले होते त्यांची स्वतःची डोलण्याची वारंवारता नेमकी याच पट्ट्यात होती. कंप गाळला जाण्याऐवजी वाढायचा, आरसे जागेवर धरून ठेवता येत नसत आणि यंत्राचं 'लॉक' सुटायचं. मग काम मुख्यतः रात्री आणि सुट्टीच्या दिवशी.

हे आकड्यांत दिसतं. २००३-०४ च्या तिसऱ्या निरीक्षण-सत्रात लिव्हिंग्स्टनचं यंत्र जेमतेम २२ टक्के वेळ उपयुक्त माहिती देत होतं, तर वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डचं मुख्य यंत्र जवळपास ६९ टक्के. २००४ मध्ये लिव्हिंग्स्टनला हायड्रॉलिक प्री-आयसोलेटर बसवले. ही यंत्रणा जमिनीचा हेलकावा आधी मोजते आणि वरचा भार उलट दिशेने तेवढाच सरकवते. २००५ च्या चौथ्या सत्रात आकडा ७५ टक्क्यांजवळ गेला.

यातून घ्यायची गोष्ट 'आधी नीट मोजायला हवं होतं' ही नाही. जमिनीच्या कंपनांची मोजणी नव्वदच्या दशकातच झाली होती. आणि उपायही कुणी घाईने शोधून काढला नाही. तो पुढच्या पिढीच्या, म्हणजे अॅडव्हान्स्ड लायगोच्या कामांत होताच, तिथून अलीकडे ओढून आणला गेला. म्हणजे प्रश्न माहीत होता, उत्तराची दिशाही माहीत होती. पण ते उत्तर ज्या कामाला बांधलेलं होतं, त्याच्या कितीतरी आधीच्या कामाला त्याची गरज निघाली. यादीत नोंद असणं आणि नोंद योग्य कामाला बांधलेली असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या आकाराच्या कामात हे कसं दिसेल? समजा, तुम्ही औंढा-वसमत भागात जमिनीच्या कंपनांचा अभ्यास घेतलाय. १ नोव्हेंबरला शेताच्या कडेला यंत्र बसवायचं, वर्षभर नोंदी घ्यायच्या आणि १ जूनपासून हाती आलेल्या नोंदींचं विश्लेषण सुरू करायचं. सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य आहे: 'रात्रीच्या नोंदींत मानवी हालचालींचा परिणाम नगण्य असेल.' शहरात बसून हे कुणालाही पटेल.

पण रब्बीत गावात राहिलेल्याला लगेच खटकेल. शेतीच्या फीडरला थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशी पाळीने मिळते. रात्रीची पाळी असली की गहू-हरभऱ्याला, हळदीला पाणी रात्रीच द्यावं लागतं, आणि शिवारातल्या विहिरी-बोअरच्या मोटारी एकदमच सुरू होतात. बोअरमधली सबमर्सिबल मोटार साधारण मिनिटाला २,८५० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ४७-४८. तुमच्या 'शांत' रात्रीत ४८ हर्ट्झच्या आसपास एक ठळक रेघ उमटणार.

आता मुद्दा असा, की हा प्रश्न कोणत्या कामाला बांधायचा? पहिलं उत्तर येतं, 'विश्लेषणाला. तेव्हा रात्र-दिवस वेगळे करू.' चुकीचं. तो यंत्र बसवण्याच्या कामाला बांधायला हवा, कारण तेव्हा तुम्ही नमुना-दर ठरवता. मेमरी वाचवायला सेकंदाला ५० नोंदी ठेवल्या, तर त्यातून फार तर २५ हर्ट्झपर्यंतचं दिसतं. ४८ हर्ट्झ पकडायला सेकंदाला ९६ पेक्षा जास्त नोंदी लागतात, व्यवहारात २००. एकदा ५० वर नोंद झाली की वरचा पट्टा गेला, तो जूनमध्ये कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

म्हणून यादीत पाच रकाने ठेवा. `A` मध्ये गृहीतक किंवा प्रश्न. `B` मध्ये त्याच्या उत्तरावाचून जे पहिलं काम चुकेल ते काम. `C` मध्ये त्या कामाची सुरुवातीची तारीख. `D` मध्ये उत्तर मिळवायला लागणारे दिवस. `E` मध्ये उत्तर. सहाव्या रकान्यात हे सूत्र:

```
=IF(AND(A2<>"",E2="",TODAY()>=C2-D2),"आता विचारा","")
```

आपल्या उदाहरणात उपकेंद्रात जाऊन फीडरचं वेळापत्रक मिळवायला, लाईनमनला गाठून खरं काय चालतं ते विचारायला आणि एक रात्र शिवारात थांबून पाहायला १५ दिवस धरू. प्रश्न यंत्र बसवण्याला बांधला असेल तर १७ ऑक्टोबरलाच तो वर येतो, आणि नमुना-दर बदलायला फुकटात वेळ मिळतो. विश्लेषणाला बांधला असेल तर तो १७ मे रोजी वर येतो. तोपर्यंत साडेसहा महिन्यांच्या नोंदी झालेल्या असतात आणि अख्खा रब्बी हंगाम निसटलेला असतो. प्रश्न तोच, उत्तर तेच, फक्त `B` आणि `C` वेगळे.

या सूत्राची एक सोय लक्षात घ्या. `C` रिकामा राहिला तर सूत्र त्याला शून्य धरतं आणि ओळ कायम 'आता विचारा' म्हणत राहते. हे मुद्दाम तसंच ठेवा. ज्या गृहीतकाला काम सापडत नाही त्याचं दोनपैकी एक आहे: एकतर तुम्ही विचार केलेला नाही, किंवा ते चुकलं तरी काहीच बिघडत नाही. दुसरं असेल तर ओळ खोडून टाका. सिनॉप्सिसमधली निम्मी गृहीतकं इथेच गळतील, आणि त्यांनी गळायलाच हवं.

बाजारात मिळणाऱ्या तयार तक्त्यांवर माझी टीका इथेच आहे. त्यांत 'परिणाम: जास्त/मध्यम/कमी', 'जबाबदार व्यक्ती', 'सद्यस्थिती' असे रकाने असतात. संशोधक विद्यार्थ्याच्या बाबतीत जबाबदार व्यक्ती कायम एकच, 'परिणाम' सगळीकडे 'जास्त', आणि 'सद्यस्थिती'त 'चालू आहे'. तीन रकाने भरले, पण त्यातून उद्या काय करायचं ते कळत नाही. 'चालू आहे' तर खास घातक. तुम्ही `E` मध्ये 'विचारलंय', 'सरांशी बोलायचंय' असं काहीही लिहिलं की सूत्र गप्प बसतं. म्हणून `E` मध्ये फक्त उत्तर, आणि त्याच्यासोबत ते कशावरून मिळालं व कोणत्या तारखेला.

तारीख कशासाठी? कारण उत्तरं शिळी होतात. सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीला दिवसा वीज देण्याचं काम राज्यात चालू आहे. तुमचा फीडर सौरवर गेला की मोटारी रात्रीच्या दिवसावर येतील, आणि ऑक्टोबरात मिळालेलं अगदी खरं उत्तर मार्चमध्ये खोटं ठरेल. अशा ओळीसाठी पुढच्या अवलंबून कामाची नवी ओळ करा आणि `E` पुन्हा रिकामा ठेवा. आमच्याकडे लोक म्हणतात तसं, लाईटचा भरवसा नाही. यादीतही तो धरू नका.

या पद्धतीची मर्यादाही सरळ आहे. जे कुणी लिहिलंच नाही ते यादी वर आणू शकत नाही. २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. असा दिवस वेळापत्रकात कुठल्या कामाच्या आधी येणार हे कोणतंही सूत्र सांगणार नाही. तिथे इतकंच करता येतं, की 'नोंदींच्या काळात मोठा धक्का बसणार नाही' हे वाक्य आधी लिहायचं आणि `B` मध्ये 'यंत्राची मोजमाप-मर्यादा ठरवणे' असं टाकायचं. धक्का कधी येईल ते कळत नाही, पण तो आला तर नोंद वरच्या टोकाला कापली जाईल का, हे मात्र यंत्र बसवण्याआधीच कळू शकतं.

तेव्हा तुमच्या सिनॉप्सिसमधलं गृहीतकांचं पान समोर घ्या आणि प्रत्येक वाक्यापुढे एकच गोष्ट लिहा: हे खोटं निघालं तर पहिलं कोणतं काम वाया जाईल? सगळ्यात शेवटचं काम लिहून मोकळं व्हायचा मोह होईल. तिथून एकेक पायरी मागे या. बहुतेक वेळा खरं उत्तर, एकदा ठरवलं की परत बदलता येत नाही अशा एखाद्या किरकोळ सेटिंगपाशी सापडतं.